चार फायली पाठवल्या म्हणतात, मेलमध्ये दोनच दिसतात. काम सुरू करण्याआधी नक्की काय आलंय ते कसं ठरवायचं?

पानमांडणी

नमस्कार. मी घरून दिवाळी अंक आणि छोट्या पुस्तकांची पानं लावून देते. एका अंकाच्या संपादकांचा काल रात्री मेल आला. त्यात लिहिलंय, "सोबत चार फायली जोडल्या आहेत: कथा, लेख, चित्रे, जाहिराती. उद्यापासून काम धरावे." मेलच्या खाली मला दोनच अटॅचमेंट दिसतात, कथा.docx आणि जाहिराती.pdf. लेख नाहीत, चित्रं नाहीत.

फोन केला तर संपादक म्हणाले, "अहो, माझ्याकडे चारही दिसतायत, तुमचं नेट बघा." ते खोटं बोलणाऱ्यांतले नाहीत, वयानं मोठे आहेत आणि गडबडीत आहेत. त्यामुळे पुन्हा फोन करण्याआधी माझ्या बाजूनं काय खात्री करून घेता येईल ते हवंय. दोघंही जीमेल वापरतो. मी मेल मोबाइलवर आणि लॅपटॉपवर दोन्हीकडे पाहिला, दोन्हीकडे दोनच.

दुसरा प्रश्न: तोवर कथा लावायला घेऊ का? छपाईची तारीख ठरलेली आहे.

रानवारा

ताई, हे साइजमुळे होतं. जीमेलला २५ एमबीची मर्यादा आहे. चित्रांची फाइल मोठी असणार. पहिल्या दोन फायलींत मर्यादा भरली, उरलेल्या दोन वाटेत गळल्या. त्यांना सांगा, दोन-दोन करून पाठवा. विषय संपला.

टपालहमाल

रानवारा, मर्यादेचा आकडा बरोबर आहे, पण गळण्याचं नाही. मी एका संस्थेचे मेल सर्व्हर सांभाळतो, रोज हेच बघतो. मर्यादा एकेका फाइलला नसते, पूर्ण मेलला असते. मेल मोठा झाला तर तो अख्खाच परत येतो आणि पाठवणाऱ्याला तसा निरोप मिळतो. दोन फायली पोचल्या आणि दोन वाटेत पडल्या असं साइजमुळे होत नाही. काही कार्यालयांच्या सुरक्षा फिल्टरमध्ये एखादी धोकादायक प्रकारची फाइल तेवढी काढून टाकतात, पण ती .exe, .js असल्या जातीची असते, आणि बहुतेक वेळा तिच्या जागी "फाइल काढली" अशी चिठ्ठी ठेवतात. लेखांची docx कोणी काढणार नाही.

साइजमुळे जीमेलमध्ये होतं ते वेगळंच. २५ एमबीच्या वर गेलेली फाइल जीमेल ड्राइव्हवर चढवतो आणि मेलच्या मजकुरात तिची लिंक टाकतो. पाठवणाऱ्याला वाटतं आपण फाइल जोडली. घेणारा मेलच्या खाली अटॅचमेंट शोधतो, आणि लिंक मजकुरातच कुठेतरी असते.

पानमांडणीताई, अंदाज करत बसण्यापेक्षा मेलचं मूळ रूप उघडून बघा. लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये तो मेल उघडा, उत्तराच्या बाणाशेजारच्या तीन ठिपक्यांवर क्लिक करा आणि Show original निवडा. मेल मोठा असेल तर तिथंच Download Original करून ती फाइल नोटपॅडमध्ये उघडा. मग Ctrl+F करून हे शोधा:

```
Content-Disposition: attachment
```

ही ओळ जितक्या वेळा सापडेल तितकी अटॅचमेंट त्या मेलमध्ये खरोखर आली आहेत. मेल दाखवणाऱ्या अ‍ॅपनं काय लपवलं, काय दाखवलं, याचा इथे संबंध राहत नाही. सहीतला लोगो कधी कधी यात मोजला जातो, म्हणून प्रत्येक ओळीपुढचं filename वाचा.

फाइलचं नाव देवनागरीत असेल तर तिथं कथा.docx असं सरळ दिसणार नाही, असं दिसेल:

```
filename="=?UTF-8?B?4KSV4KSl4KS+LmRvY3g=?="
```

घाबरू नका, हे "कथा.docx"च आहे. आपली देवनागरी नावं अशी गुंडाळली की माळेची सुरुवात बहुतेक वेळा 4KS नेच होते.

नंतर त्याच पानात `drive.google.com` शोधा. सापडलं तर एक फाइल लिंक म्हणून आली आहे.

कोकणचा_वकील

माझंही अगदी हेच होतं! एका कंपनीकडून कागद येतात आणि प्रत्येक वेळी winmail.dat नावाची एकच फाइल येते, ती उघडतच नाही. तुमच्याकडे दोन तरी उघडतात. माझ्या त्या फाइलचं काय करू?

टपालहमाल

वकीलसाहेब, तुमची गोष्ट निराळी आहे. समोरचा आउटलुकमधून रिच टेक्स्ट स्वरूपात मेल पाठवतोय, आणि त्या स्वरूपात सगळ्या जोडण्या एका winmail.dat गाठोड्यात बांधल्या जातात. तुमचे कागद त्या गाठोड्यातच आहेत. त्यांना मेलचं स्वरूप HTML करून पुन्हा पाठवायला सांगा, तुमच्याकडून काही करावं लागणार नाही. ताईंच्या दोन्ही फायली नावानिशी आल्यात, म्हणजे त्यांच्याकडे हा प्रकार नाही.

छापखाना_कोल्हापूर

कथा लावायला घेऊ का, या प्रश्नाबद्दल बोलतो. माझा छापखाना आहे, दिवाळीच्या आधी दोन महिने हेच चालतं. माझं मत: पानं लावू नका, पण मजकूर तयार करून ठेवा. म्हणजे कथांची docx उघडा, शैली लावा, जादा मोकळ्या जागा आणि तुटलेल्या ओळी साफ करा. हे काम लेख येवोत न येवोत, वाया जात नाही. पण पानांचे आकडे घालू नका. आपण १६ पानी फॉर्म छापतो. लेख किती पानं खाणार, जाहिराती कुठल्या रंगीत पानावर बसणार हे कळल्याशिवाय कथांची पानं बसवली की सगळं पुन्हा सरकवावं लागतं.

चित्रांचं तर विचारूच नका. इनडिझाइनमध्ये चित्र जोडलेलं असतं, आत साठवलेलं नसतं. मूळ चित्र हाती नसलं तरी पडद्यावर त्याची धूसर प्रतिमा दिसत राहते. आमच्याकडे तयार फाइल येते, त्यात चित्रं जागच्या जागी दिसतात, आणि लिंक्सच्या पट्टीत लाल प्रश्नचिन्हांची रांग असते. चित्रांची फाइल न उघडता काम धरलं की असं होतं.

आणखी एक. फाइल "मिळाली" असं उघडून बघितल्याशिवाय लिहू नका. जुने लेखक अजून युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप करतात. docx पूर्ण येते, साइज बरोबर असते, आणि तो फाँट तुमच्याकडे नसला की इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसतो. त्यांना वाटतं फाइल दिली, पण आपल्याला मजकूर मिळालेलाच नसतो.

मडगावची

छापखानावाल्या दादांशी अर्धीच सहमत. मी अनुवादाचं काम करते, त्यातही असंच असतं. अर्ध्या फायलींवर काम सुरू करण्यात खरी भीती पानं सरकण्याची नाही. न आलेल्या फायलींमध्ये आलेल्या फाइलची सुधारित प्रत असू शकते, ती भीती मोठी. चारातल्या दोन हरवल्या आहेत एवढंच तुम्हाला माहीत आहे. हाती आलेल्या दोन शेवटच्या आहेत हे कुणी सांगितलंय? मी तर उत्तर येईपर्यंत मजकुरालासुद्धा हात लावत नाही.

छापखाना_कोल्हापूर

मडगावकर, तुमचा मुद्दा खरा, पण सप्टेंबर-ऑक्टोबरात हात बांधून बसणं परवडत नाही. संपादक उत्तर द्यायला दोन दिवस घेतात.

मडगावची

म्हणून तर प्रश्न असा विचारायचा की उत्तर दोन मिनिटांत देता येईल. "फायली मिळाल्या नाहीत, पुन्हा पाठवा" असं लिहिलं की ते पुन्हा तसाच मेल ढकलतात आणि पुन्हा दोनच येतात. मी काय मिळालं ते लिहिते, काय नाही ते नंतर. असं काहीसं:

"काल रात्री ९:४० चा आपला मेल मिळाला. त्यात मला दोन फायली मिळाल्या. कथा.docx: ५८ पाने, पहिल्या कथेचे शीर्षक अमुक, शेवटच्या कथेची शेवटची ओळ तमुक. जाहिराती.pdf: १४ पाने. लेख आणि चित्रे या मेलमध्ये नाहीत. कथांची हीच प्रत अंतिम समजून उद्या सकाळी काम सुरू करते. वेगळी असल्यास आजच कळवावे."

यात शेवटची ओळ लिहिणं सगळ्यात उपयोगी. नाव आणि पानांची संख्या दोन प्रतींत सारखी असू शकते. शेवटची ओळ वाचली की संपादकाला लगेच कळतं, ही जुनी प्रत आहे की नवी.

रानवारा

हे सगळं करण्यापेक्षा व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा ना. लगेच येतं.

छापखाना_कोल्हापूर

चित्रं व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आली की दाबली जाऊन लहान होतात, छपाईला उपयोगाची राहत नाहीत. डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर मूळ फाइल तशीच येते, पण हा फरक समोरच्याला समजावून सांगण्यातच वेळ जातो.

पानमांडणी

सगळ्यांचे मनापासून आभार. टपालहमाल यांनी सांगितलं तसं Show original करून बघितलं. हे सापडलं:

`Content-Disposition: attachment` दोनदाच आहे. एक 4KS वाली माळ, दुसरीही तसलीच. म्हणजे माझ्या मोबाइलनं काही लपवलेलं नाही, मेलमध्ये अटॅचमेंट खरोखर दोनच आहेत.

आणि `drive.google.com` सापडलं! मग मेल पुन्हा नीट बघितला. संपादकांची सही, पत्ता, अंकाची जाहिरात या सगळ्याच्या खाली चित्रे.zip ची लिंक आहे, ४१ एमबी. तिथपर्यंत कोणी खाली जात नाही. लिंक दाबली तर "You need access" असं आलं.

म्हणजे तीन झाल्या. लेख मात्र कुठंच नाहीत. आणि संपादक अजूनही म्हणतात, माझ्याकडे चार दिसतात. हे कसं?

टपालहमाल

लिंकचं आधी. परवानगी मागण्याआधी बघा, ब्राउझरमध्ये तुम्ही कोणत्या खात्यानं आत आहात? मेल ज्या पत्त्यावर आला त्याच खात्यानं लिंक उघडायला हवी. दुसरं खाते चालू असलं की हाच निरोप येतो आणि आपण उगाच समोरच्याला विचारत बसतो.

लेखांबद्दल मला एक शंका आहे. तो मेल नवा लिहिलेला होता की आधीच्या कोणत्या मेलला उत्तर म्हणून आला? विषयाच्या आधी Re: आहे का?

पानमांडणी

खरंच, दुसरं खाते चालू होतं. बदलल्यावर चित्रे.zip उतरली. उघडून बघितली, संपादकांच्या यादीत ३६ चित्रं आहेत आणि झिपमध्येही ३६. काहींची मराठी नावं बिघडलेली दिसतात, पण चित्रं उघडतात.

आणि हो, विषयात Re: आहे. खाली त्यांच्या सहायकाचा मेल दिसतो, "सर, लेख जोडले आहेत" असा.

टपालहमाल

मग सापडलं. सहायकानं लेख संपादकांना पाठवले. संपादकांनी त्याच मेलला Reply all करून तुमचा पत्ता टाकला आणि वर तीन फायली जोडल्या. उत्तर देताना आधीच्या मेलचा मजकूर खाली येतो, पण त्याची अटॅचमेंट येत नाहीत. Forward केलं असतं तर आली असती.

पण संपादकांच्या पडद्यावर जीमेल सगळी मेल-साखळी एकत्र दाखवतो. सहायकाचा मेल, त्यातले लेख, त्याखाली स्वतःचा मेल, त्यातल्या तीन. ते मोजतात तेव्हा चारच भरतात. ते खरंच बोलतायत. त्यांना सांगताना "तुम्ही पाठवले नाहीत" असं सांगू नका. "सहायकांचा लेखांचा मूळ मेल मला Forward करा" एवढंच सांगा.

मडगावची

हे मला माहीत नव्हतं. आमच्या एजन्सीच्या मेलांत हेच होत असणार, तिथं प्रत्येक कामाला लांबलचक Re: Re: ची साखळी असते.

लायब्ररीतला

उशिरा आलो. एक भर घालतो. फायली आल्या तरी दोघांकडची प्रत तीच आहे का, हे नावावरून ठरवू नका, बाइट्सवरून ठरवा. विंडोजमध्ये फाइलवर उजवी क्लिक, Properties, तिथं Size समोर कंसात बाइट्सचा पूर्ण आकडा असतो. खालचा Size on disk नव्हे, तो वेगळा असतो. मेलमध्ये दिसणारी साइज गोल केलेली असते, तिच्यावर विसंबू नका. एकदम पक्कं हवं असेल तर दोघांनी फाइल असलेल्या फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून हे चालवायचं:

```
certutil -hashfile कथा.docx SHA256
```

दोन्हीकडे येणारी अक्षरमाळ एकच असेल तर फाइल अक्षर न अक्षर तीच.

छापखाना_कोल्हापूर

संपादकाला कमांड प्रॉम्प्ट उघडायला सांगणारा मला भेटायचाय. बाइट्सचा आकडा फोनवर वाचून दाखवला तरी पुरे आहे.

लायब्ररीतला

मान्य. पण एक लक्षात ठेवा, docx नुसती उघडून पुन्हा सेव्ह केली तरी आकडा बदलू शकतो. आकडे सारखे आले तर निश्चिंत व्हा. वेगळे आले तर मजकूर वेगळाच आहे असं लगेच धरू नका, उघडून ताडून बघावा लागतो. वर्डमध्ये Review खाली Compare आहे, ते दोन प्रतींतले फरक रंगवून दाखवतं.

पानमांडणी

ताजी बातमी. संपादकांना टपालहमाल यांच्या शब्दांतच सांगितलं, त्यांनी लगेच Forward केलं. लेख आले. पण सहायकाच्या त्या मेलमध्ये लेख.docx बरोबर आणखी एक फाइल निघाली: कथा.docx. तेच नाव!

बाइट्स बघितले. संपादकांनी जोडलेली कथा.docx ही सहायकाच्या कथा.docx पेक्षा साधारण ९ केबीनं लहान आहे. दोन्ही ५८ पानांच्याच. मडगावकर म्हणाल्या तशी शेवटची ओळ बघितली, ती सारखी आहे. मग लायब्ररीतल्यांनी सांगितलेलं Compare चालवलं. चौथ्या कथेत फरक आहे. सहायकाच्या प्रतीत एक पूर्ण परिच्छेद जास्त आहे आणि दोन ठिकाणी पात्राचं नाव बदललंय.

आता कोणती नवी?

मडगावची

बघा, म्हणून म्हणत होते. आणि शेवटच्या ओळीचा माझा उपाय इथं अपुरा पडला, हेही नोंदवते. बदल मधल्या कथेत होता.

फायलीच्या आतली तारीख बघा. वर्डमध्ये File, मग Info, तिथं Last Modified आणि शेवटी कोणी बदलली ते नाव असतं. बाहेरची, फोल्डरमध्ये दिसणारी तारीख बघू नका, तिथं बहुतेक तुम्ही डाउनलोड केल्याची वेळ असते.

पानमांडणी

बघितलं. सहायकाची प्रत शेवटी सहायकानंच बदललेली आहे, चार दिवसांपूर्वी. संपादकांची प्रत संपादकांनी, परवा. म्हणजे संपादकांची नवी?

लायब्ररीतला

तारखेनं नवी, पण तेवढ्यावरून ठरवू नका. संपादकांनी जुनी प्रत परवा उघडून एखादा स्वल्पविराम बदलून सेव्ह केली असेल, तरी तारीख परवाचीच दिसेल. तो परिच्छेद संपादकांनी मुद्दाम काढला की सहायकानं लेखकाकडून मागवून घातला, हे फायलींकडून कळणार नाही.

छापखाना_कोल्हापूर

माझ्या अनुभवात संपादकाच्या हातची प्रत धरावी. अंकाची जबाबदारी त्याची.

मडगावची

मी धरणार नाही. लेखकाकडून आलेली दुरुस्ती राहिली तर छापून आल्यावर दोष पानं लावणाऱ्याच्याच माथी येतो. चौथी कथा बाजूला ठेवा, तिचे दोन्ही पाठ मेलमध्ये डकवून विचारा: "यातला कोणता छापायचा?"

पानमांडणी

तसंच केलं. दोन्ही पाठ एकाखाली एक डकवून संपादक आणि सहायक दोघांनाही पाठवलेत, आणि मिळालेल्या पाचही फायलींची नावं व बाइट्स त्याच मेलमध्ये लिहिलेत. लेख उघडून बघितले, सगळे युनिकोडमध्ये आहेत, एक सोडून. त्या एका लेखाचा खिचडा दिसतो, त्याचा फाँट मागितलाय.

तोवर जाहिरातींची पानं आणि पहिल्या तीन कथांचा मजकूर साफ करायला घेतलाय. संपादकांचं उत्तर अजून यायचं आहे. सहायकांचा फोन आला होता, ते म्हणतात तो परिच्छेद लेखिकेनं स्वतः पाठवलाय.

टपालहमाल

सहायकांना म्हणावं, हेच मेलमध्ये लिहून संपादकांना प्रत टाका. आणि त्यांनी तो परिच्छेद Reply करून न पाठवता नव्या मेलमध्ये पाठवला तर बरं.